सेलांचा पंक्तिभेद

मुलाकडे आयर्लंडला, ब्लँचर्डस्टाउनला आल्यावर पहिल्याच आठवड्यात मला घरात काम लागलं. सेल चार्ज करायचं. निवृत्त माणसाला परदेशात इतक्या लवकर कुणी विचारत नाही, त्यामुळे मी ते लगेच स्वीकारलं आणि दुसऱ्या दिवसापासून त्याला 'खातं' म्हणू लागलो.

सेल उर्मिलाचे. उर्मिला आमची सून. आमच्या मुलासोबत, राजससोबत, इकडे आली तेव्हा तिला नोकरीचा परवाना नव्हता, मग तो मिळाला, मग एका कचेरीत माहिती भरायची नोकरीही मिळाली. पण तिचा जीव फोटोग्राफीत. बारशी, डोहाळजेवणं, वाढदिवस असं करत करत तिने चांगलं नाव काढलं होतं. तिच्याकडे दोन फ्लॅश होते. एकेका फ्लॅशला चार सेल लागत, आपल्या भिंतीवरच्या घड्याळात असतात तसे. ते सारखे चार्ज करायला लागत आणि तिला कचेरीमुळे वेळ होत नसे.

"बाबा, सोप्पं आहे," तिने पहिल्या दिवशी मला ओट्याशी उभं करून सांगितलं. "हा चार्जर हुशार आहे. चार खण, चार वेगळे पडदे. प्रत्येक सेलला तो वेगवेगळं बघतो. भरला की आपोआप थांबतो. आणि हे ठिपके बघा. लाल ठिपकेवाले चार एका फ्लॅशचे, निळे चार दुसऱ्याचे. स्पेअरमध्ये हिरवे आणि पिवळे. लालवाले लालवाल्यांबरोबरच राहतात. एकत्र वापरायचे, एकत्र चार्ज करायचे. मिसळायचे नाहीत. बस."

"इतकंच?" मी म्हटलं.

"इतकंच."

ठिपके नेलपॉलिशचे होते. चार रंग, चार संच, सोळा सेल. मला त्याच क्षणी काहीतरी खटकलं, पण नवीन नोकरीत पहिल्या दिवशी तक्रार करू नये म्हणून गप्प बसलो.

आमची ही, संध्या, शाळेत भौतिकशास्त्र शिकवायची. ती शेजारीच गवार मोडत बसली होती. तिने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "उर्मिला, यांना लिहून दे."

"काही गरज नाही," मी म्हटलं. मी बोर्डाच्या परीक्षा विभागात आयुष्य काढलं आहे. लाखो मुलांच्या उत्तरपत्रिका ज्याच्या नजरेखालून गेल्या, त्याला सोळा सेल काय जड?

दोन आठवडे सगळं सुरळीत चाललं. संध्याकाळी सेल लावायचे, पडद्यावरचे आकडे चढताना बघायचे. टीव्हीपेक्षा बरं. मग माझ्या खात्याचा विस्तार करायची इच्छा मला झाली. ती प्रत्येक खातेप्रमुखाला होते.

निमित्त झालं अबोलीच्या लग्नाचं. अबोली ही पुण्याची मुलगी, इथे एमएस्सीला आली, इथेच नोकरीला लागली आणि आता कॉर्मॅक नावाच्या उंच, लाजाळू मुलाशी लग्न करत होती. लग्न डून लेरीला, समुद्रासमोरच्या एका हॉटेलात, तेही नोव्हेंबरात दुपारी चार वाजता. नोव्हेंबरात इथे चारच्या पुढे सूर्य रजेवर जातो. म्हणजे सगळा कारभार फ्लॅशवर.

आणि उर्मिलासाठी हे साधं लग्न नव्हतं. त्या हॉटेलच्या समारंभांचं काम पाहणारी ग्रॉन्या नावाची बाई होती. हॉटेल ज्या फोटोग्राफरांची नावं गिऱ्हाइकांना सुचवतं, त्यातली एक जागा रिकामी झाली होती. ग्रॉन्याने उर्मिलाला स्पष्ट सांगितलं होतं की या लग्नात मी तुझं काम बघणार. इकडे कचेरीवाल्यांनी उर्मिलाला पूर्ण वेळ यायला सांगितलं होतं आणि सोमवारपर्यंत उत्तर मागितलं होतं. पूर्ण वेळ घेतला की फोटोग्राफी शनिवारचा छंद म्हणून उरणार. हॉटेलचं काम मिळालं, तर कचेरीला रामराम.

"त्यामुळे या वेळी सेलांवर लक्ष ठेवा हं, बाबा," ती म्हणाली.

मी लक्ष ठेवायचं ठरवलं, आणि इथेच घोटाळ्याला सुरुवात झाली.

मला वाटलं, एवढं मोठं लग्न, सोळा सेल कसे पुरतील? घरात शोध घेतला. खेळण्यातले, वजनकाट्यातले, बंद पडलेल्या टॉर्चमधले, इथे ज्याला 'प्रेस' म्हणतात त्या स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या तळाशी लोळणारे, असे आणखी सोळा सेल निघाले. राजस वर्षानुवर्षं एकाच सुपरमार्केटचे, चार्ज करता येणारे पांढरे सेल आणत आला आहे, त्यामुळे नवे-जुने दिसायला अगदी सख्खे भाऊ. फक्त जुन्यांना ठिपके नव्हते. मी त्यांना हुशार चार्जरमध्ये बसवलं.

त्या चार्जरने त्यांचा जो अपमान केला तो मला अजून आठवतो. काही सेल बसवले की पडद्यावर नुसत्या रेघा लुकलुकायच्या. म्हणजे हा सेल मला मान्यच नाही. काहींचं त्याने थोडंसं चार्जिंग केलं आणि लगेच 'भरला' म्हणून जाहीर केलं. अंगावर क्षमता छापलीय दोन हजार, पोटात गेलेत जेमतेम पाचशे, आणि म्हणे भरला! ज्याला अर्धी पोळी वाढून 'तुमचं झालं ना?' विचारतात त्या पाहुण्यासारखी त्यांची अवस्था.

बोर्डात असताना माझी एक ख्याती होती. दोन-चार मार्कांनी लटकलेलं पोर मी कधी लटकू दिलं नाही. ग्रेस मार्क माझ्या हातून असे सुटायचे की वरिष्ठ म्हणायचे, मोरेश्वरराव, तुमच्या हाती असतं तर शिपाईही पदवीधर झाला असता. असा माणूस एका डबीने सोळा उमेदवारांना नापास केलेलं कसं सहन करणार?

प्रेसच्या त्याच खालच्या कप्प्यात मला दुसरा चार्जर सापडला. कुठल्याशा जुन्या रेडिओबरोबर आलेला. पडदा नाही, आकडे नाहीत. चार सेलांची जागा आणि प्रत्येक दोन सेलांसाठी एक दिवा. सुरुवातीला लाल आणि ठरलेले तास झाले की हिरवा. गंमत म्हणजे यात एकटा सेल ठेवला तर तो मुळी चालूच होत नाही. जोडी लागते. मला त्याची ही कौटुंबिक वृत्ती फार आवडली.

ज्यांना हुशार चार्जरने नाकारलं होतं, त्यांना मी यात बसवलं. दिवा लाल झाला. ठरलेल्या तासांनी हिरवा झाला. सगळे पास! एकही नापास नाही. बाहेर काढले तर सेल चांगले गरमागरम, तव्यावरून उतरलेल्या भाकरीसारखे. मी त्यांना तळहातावर धरून राहिलो. अंगात धुगधुगी आली म्हणायची.

संध्या तेवढ्यात आत आली. "हे एवढे गरम का?"

"उत्साह आहे त्यांच्यात."

"अहो, सेल आहे तो. त्याला उत्साह कशाचा?"

"तू तुझे अनारसे बघ. हे खातं माझं आहे."

ती अनारसे बघायला गेली. अबोलीच्या आईने तिला शंभरेक अनारशांचं काम दिलं होतं, आणि माझ्याशी वाद घालण्यापेक्षा अनारसे जाळीदार होणं तिला जास्त महत्त्वाचं वाटतं. तसं ते लग्न झाल्यापासूनच आहे.

आता मला पहिल्या दिवशी खटकलेली गोष्ट नीट समोर आली. लाल फक्त लालांबरोबर. निळे फक्त निळ्यांबरोबर. वेगळं बसायचं, वेगळं जेवायचं. याला आमच्याकडे पंक्तिभेद म्हणतात, आणि आयर्लंडसारख्या पुढारलेल्या देशात, माझ्या सुनेच्या स्वयंपाकघरात तो राजरोस चालू होता. मी तो मोडायचं ठरवलं.

मी प्रत्येक जोडीत एक नवा आणि एक जुना सेल बसवला. नव्याच्या संगतीने जुन्याला उभारी येईल, हा विचार. हुशार चार्जर मी प्रेसमध्ये ठेवून दिला. मग फ्लॅशच्या आणि स्पेअरच्या डब्या भरल्या. प्रत्येक चौकडीत दोन नवे, दोन जुने. आणि शेवटी, बिनठिपक्याच्या सेलांना वाईट वाटू नये म्हणून, उर्मिलाच्या नेलपॉलिशच्या बाटल्या आणून सगळ्यांना ठिपके दिले. लाल, निळे, हिरवे, पिवळे. कुणीही बघितलं असतं तर म्हणालं असतं की हे सोळा नाहीत, बत्तीस सेल आहेत आणि सगळे एका आईचे.

फ्लॅश उडवायचा बारीक रिमोट होता, त्याला पातळ, बारके सेल लागत. ते मात्र माझ्या समतेतून सुटले. घरात जुने बारके सेलच नव्हते.

शुक्रवारी रात्री उर्मिला दमून आली. डब्या बघून म्हणाली, "बापरे, बाबा, एवढे सेल?"

"काळजी नको. सगळ्यांना हिरवा दिवा लागलाय."

तिने मला नमस्कार केला. खरंच वाकून. ते आठवलं की अजून पायाचे तळवे तापतात.

*

लग्न सुंदर होतं. हॉलच्या एका बाजूला काचा, काचांपलीकडे बंदर, आणि बंदरावर आमच्या देखत अंधार उतरत होता. अर्धा हॉल नऊवारीत, अर्धा सुटात. कॉर्मॅकचे काका मला दोनदा येऊन 'ग्रँड' म्हणून गेले. काय ग्रँड हे त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. मी उर्मिलाचा सहायक म्हणून सोवळं नेसलो होतो आणि खांद्यावर सेलांची पिशवी होती.

अंतरपाट धरला. एका बाजूला अबोली, दुसऱ्या बाजूला कॉर्मॅक, कपाळाला मुंडावळ्या, चेहऱ्यावर इंटरव्ह्यूला आल्याचे भाव. अबोलीच्या मावशीने मंगलाष्टकं सुरू केली. उर्मिला पुढे सरकली. एक फ्लॅश तिच्या कॅमेऱ्यावर, दुसरा पलीकडे स्टँडवर. दोन्ही एकदम उडत होते. ग्रॉन्या दाराशी हाताची घडी घालून उभी होती.

पहिल्या मंगलाष्टकाला फ्लॅश फटाफट उडले. दुसऱ्याला जरा थांबून. तिसऱ्याला उर्मिला बटण दाबायची आणि मग फ्लॅशच्या पाठीवरचा छोटा दिवा पेटायची वाट बघत बसायची. दिवा पेटला की फ्लॅश तयार. तो पेटायला जाहिरातींच्या ब्रेकएवढा वेळ घेऊ लागला. मग पेटेनासाच झाला.

ती वाकून माझ्याकडे आली. "बाबा, स्पेअर द्या."

मी हिरव्या ठिपक्यांचे चार दिले. तिने ते बसवले. दोनदा फ्लॅश उडाला. तिसऱ्यांदा नुसती कुंई असा आवाज आला.

"पिवळे."

पिवळ्यांनी तेवढंही केलं नाही.

उर्मिलाने फ्लॅश उघडून सेलांकडे पाहिलं. मग माझ्याकडे. "बाबा, तुम्ही हे सगळेच मिसळलेत?"

"मिसळले म्हणजे... समान केले."

"आणि चार्ज कशात केले?"

"त्या दुसऱ्यात. त्यात सगळे पास होतात."

तिने डोळे मिटले. मला ओरडली असती तर बरं वाटलं असतं. तिने फक्त एवढंच म्हटलं, "अंतरपाट पडायच्या क्षणाचा फोटो नाही मिळाला तर ग्रॉन्या कशाला मला बोलावेल? सोमवारी कचेरीला हो म्हणून सांगायचं, दुसरं काय."

राजस शेजारी होता. "मी दुकानातून साधे सेल आणतो," म्हणून तो पळाला. दुकान फार लांब नव्हतं, पण मावशी शेवटच्या मंगलाष्टकाला येऊन पोहोचली होती.

तेव्हा संध्या उठली. पैठणी सावरत ती आमच्यापाशी आली, दोन्ही फ्लॅशमध्ये सुरुवातीला असलेले आठही सेल तिने आपल्या ओच्यात घेतले. एकेकाला दोन बोटांनी चाचपलं.

"हा तापलाय. हा थंड. हा तापलाय," ती पुटपुटली. "जो आतून म्हातारा झालाय त्याच्यातून वीज जाताना जास्त अडखळते, तो जास्त तापतो. उर्मिला, फ्लॅश उडवून उडवून त्यांनी स्वतःच ओळख दिली आहे. थंड चार एकत्र केले तर एक फ्लॅश चालेल. पण मला दोन मिनिटं दे, घाईत चुकेन."

"दोन मिनिटं नाहीत, आई. मावशींचं संपतंय."

त्या दोघींनी एकदम माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेचा अर्थ कळायला मला बोर्डाची परीक्षा लागली नाही.

आता मराठी लग्नात एक सोय आहे. मंगलाष्टकं कुणी किती म्हणावीत याला कायदा नाही. मावशी संपली की आत्या उठते, आत्या संपली की कुणीतरी स्वतः रचलेलं घेऊन येतो, आणि अंतरपाट धरणाऱ्यांचे हात दुखेपर्यंत हे चालू राहतं. गेली चाळीस वर्षं मी अशा माणसांची टिंगल करत आलो. त्या दिवशी मी त्यातलाच एक झालो.

मावशीचं 'कुर्यात् सदा मंगलम्' व्हायच्या आत मी सोवळ्याचा काठ धरून पुढे आलो, हात जोडले आणि सूर लावला. सूर म्हणजे काय, घसा मोकळा केला.

"येथे सागरतीरि दीप उजळो दोघां सुखाचा सदा..."

पहिली ओळ बरी आली. लोकांनी माना डोलावल्या. दुसरी ओळ काय म्हणायची हे माझ्याही मनात नव्हतं, पण जे मनात होतं ते आपसूक वृत्तात बसलं.

"थांबा हो अजुनी जराच पडदा सोडू नका हो कुणी..."

अंतरपाट धरलेल्या दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. अबोलीने पलीकडून हळूच म्हटलं, "काका, असं असतं का?" अक्षता हातात घेऊन उभ्या असलेल्या सगळ्यांचे हात अर्ध्यात थांबले. कॉर्मॅकच्या काकांना वाटलं ही मुख्य प्रार्थना. त्यांनी डोळे मिटून मान खाली घातली. मी तिसऱ्या ओळीत समुद्र आणला, चौथीत डार्ट, म्हणजे इथली किनाऱ्याकिनाऱ्याने जाणारी लोकल, आणली, मग पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं आणि चाल बदलली, कारण मूळ चाल कुठे गेली ते सापडेना. एका आत्याने माझ्याकडे असं पाहिलं की तिची स्वतःची मंगलाष्टकं पर्समध्ये आहेत हे मला तत्काळ कळलं. मी तिला खूण करून विनंती केली की माझ्यानंतर तुम्ही. तिला वाटलं मी तिला गप्प बसवतोय.

माझ्या तिसऱ्या आवर्तनात संध्याने मान हलवली. उर्मिलाने थंड चार सेल कॅमेऱ्यावरच्या फ्लॅशमध्ये बसवले. पाठीवरचा दिवा पेटला. तिने फ्लॅशची ताकद कमी केली, कॅमेऱ्याची संवेदनशीलता वाढवली, आणि माझ्याकडे बघून अंगठा दाखवला. मी ज्या वेगाने 'सावधान' म्हटलं, त्या वेगाने आजवर कुणी म्हटलं नसेल.

अंतरपाट खाली आला. अक्षता उडाल्या. फ्लॅश एकदा, दोनदा, तीनदा उडाला. तिन्ही वेळा पेटला.

अर्ध्या तासात राजस दुकानातून सेलांची पाकिटं घेऊन आला. पुढचं जेवण, केक आणि नाच त्यावर निघाले. ते साधे सेल पुन्हा पुन्हा फ्लॅश उडवताना लवकर दमतात, त्यामुळे उर्मिला प्रत्येक फोटोआधी श्वास घेऊन थांबत होती. पण निभलं.

*

आम्ही गाडीतून घरी निघालो. मला राहवलं नाही.

"पण हिरवा दिवा लागला होता," मी म्हटलं.

"अहो, तो दिवा सेलाकडे बघतच नाही," संध्या मागच्या सीटवरून म्हणाली. "तो घड्याळाकडे बघतो. ठरलेले तास झाले की हिरवा. सेल भरला, रिकामा, मेला, त्याला काय? तो जुना चार्जर निघाला तेव्हा सेलांची क्षमता कमी असायची. उर्मिलाच्या नव्या सेलांची जास्त. तेवढ्या तासांत ते अर्धेच भरतात. आणि जोडीत एकच प्रवाह दोघांमधून जातो. जुना सेल आधी भरतो, तरी त्याच्यात रेटत राहतो, म्हणून तो तापतो. तुम्ही त्याला उत्साह म्हणालात."

"म्हणजे नवा उपाशी आणि जुन्याला अजीर्ण."

"आता कसं कळलं! आणि हुशार चार्जर प्रत्येकाला वेगळं बघतो. भरत आला की सेलातला विजेचा दाब किंचित उतरतो, तो ते ओळखून थांबतो. जुन्या सेलात आतला अडथळा वाढलेला असतो, त्याचा दाब लगेच वर चढतो. चार्जरला वाटतं झालं. किंवा तो तापायला लागतो, म्हणून सोडून देतो. त्याच्यात तेवढीच जागा उरलेली असते. त्याला कितीही बसवून ठेवा, तो भरणार नाही."

"आणि ज्यांच्यावर नुसत्या रेघा यायच्या ते?"

"त्यांच्यात दाब उरलाच नव्हता. चार्जरला वाटलं, इथे सेलच नाही."

"मग फ्लॅशमध्ये दोन चांगले होते ना प्रत्येकात?"

"चौघं एका रांगेत उभे," उर्मिला स्टिअरिंगवरून म्हणाली. पहिल्यांदाच बोलली. "एकाचं आधी संपलं की तो बाकीच्यांच्या वाटेत आडवा पडतो. चांगल्या दोघांच्या पोटात चार्ज होता, बाबा. पण तो बाहेर यायला वाटच नव्हती."

"तू हे सगळं मला आधी का नाही सांगितलंस?" मी संध्याला विचारलं.

"विचारलंत का? तुमचं खातं होतं."

राजस खिडकीबाहेर बघत हसत होता. "बाबा, तू रचलेलं ते मंगलाष्टक कॉर्मॅकच्या काकांनी फोनवर रेकॉर्ड केलंय. सांगत होते, खूप भावपूर्ण होतं."

दुसऱ्या दिवशी उर्मिलाने फोटो निवडले. अंतरपाट पडतानाचा फोटो मी पाहिला. कमी ताकदीच्या फ्लॅशमुळे हॉलचे पिवळे दिवे आणि काचेपलीकडचा निळसर अंधार तसाच उरला होता. अबोली हसतेय, कॉर्मॅकच्या कपाळावर तांदळाचा एक दाणा चिकटलाय. मागे धूसर असा मी, तोंड उघडं, हात जोडलेले. उर्मिलाने मला कापायचं ठरवलं होतं, पण कापलं तर अबोलीचे वडीलही जात होते, म्हणून मी राहिलो.

सोमवारी सकाळी ती कचेरीला निघण्याआधी ग्रॉन्याचा फोन आला. उर्मिलाने आपणहून सगळं सांगून टाकलं, फ्लॅश मध्येच मेले होते वगैरे. ग्रॉन्याला ते माहीत होतं, ती दारातूनच बघत होती. तिचं म्हणणं असं की आधीच्या फोटोग्राफरचं असं काही झालं की तो हॉटेलच्या विजेला शिव्या द्यायचा. उर्मिलाने कुणाकडे बोट न दाखवता काम केलं. मात्र यादीत नाव इतक्यात नाही. हिवाळ्यातले छोटे कार्यक्रम कर म्हणाली, मग मार्चमध्ये बघू. आणि फ्लॅशचं जे झालं ते पुन्हा दिसता कामा नये, असंही तिने बजावलं.

उर्मिलाने फोन ठेवला. मग कचेरीला कळवलं की पूर्ण वेळ जमणार नाही, आहे तेवढेच दिवस येईन. कचेरीने आढेवेढे घेतले, पण मान्य केलं. निम्मी जीत. तिला निम्मी पुरली. मला मात्र वाटत राहिलं की उरलेली निम्मी माझ्या समतेने खाल्ली.

त्यानंतर दोन बदल झाले. पहिला म्हणजे सोळा जुने सेल मी स्वतः एका पिशवीत घालून सुपरमार्केटच्या दाराशी असलेल्या वापरलेल्या सेलांच्या खोक्यात टाकून आलो. कोणते सोळा, हे अर्थात संध्याने हुशार चार्जरमध्ये एकेक भरून, रिकामा करून, पुन्हा भरून ठरवलं. मी ढवळाढवळ करू नये म्हणून तोवर मला गाजर किसायला बसवलं होतं.

दुसरा बदल म्हणजे उर्मिलाने सहायक बदलला.

पुढच्या शनिवारी हॉटेलात कुणाच्या तरी साठीचा कार्यक्रम होता. संध्या काळी पँट आणि राजसचं जाड जॅकेट घालून दारात उभी राहिली, खांद्यावर सेलांची पिशवी. मी तिला असं कधी पाहिलं नव्हतं. ती दहा वर्षांनी लहान दिसत होती, आणि मी तिला ते सांगणार होतो, पण तिने आधी तोंड उघडलं.

"कुकर लावून ठेवा. वरणाला फोडणी मी आल्यावर घालते. आणि ओट्यावर चार्जर चालू आहे, त्याला हात लावू नका."

"नुसतं बघितलं तर चालेल?"

उर्मिलाने गाडीची किल्ली वाजवत विचार केला.

"लांबून," ती म्हणाली.